घड्याळ क्लायंटचं, स्क्रीन तुमची

परदेशातला क्लायंट मिळतो, तासाचा दर ठरतो आणि लगेच मेल येते: आमच्या ट्रॅकरवर खातं उघडा, अ‍ॅप बसवा, सोमवारपासून काम सुरू. सोबत हब्स्टाफ किंवा टाइम डॉक्टरची लिंक असते. अपवर्कवर काम केलेला माणूस फारसा विचार न करता ती दाबून मोकळा होतो. स्क्रीनशॉटची त्याला सवयच असते. पण अपवर्कचा ट्रॅकर आणि क्लायंटचा ट्रॅकर दिसायला सारखे असले तरी त्यातला सौदा वेगळा आहे.

अपवर्कवर तासाच्या कामाची नोंद दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत होते. प्रत्येक तुकड्यात कधीतरी एकदा स्क्रीनचं चित्र घेतलं जातं आणि त्या दहांपैकी किती मिनिटं कीबोर्ड-माउस हलत होता, हे मोजलं जातं. एखादं चित्र नको असेल, तर ते तुम्हाला स्वतःला काढून टाकता येतं, मात्र त्याबरोबर त्या दहा मिनिटांचे पैसेही जातात. या पाळतीच्या बदल्यात काहीतरी मिळतं: अटी पाळून नोंदवलेल्या तासांना अपवर्कचं पेमेंट संरक्षण असतं. क्लायंटने नंतर कुरकुर केली तरी, चित्रं कामाचीच असतील आणि हालचाल पुरेशी असेल, तर पैसे बुडत नाहीत. हाताने भरलेल्या तासांना मात्र हे संरक्षण नाही.

आता क्लायंट म्हणतो, आमच्या ट्रॅकरवर या. म्हणजे चित्रं तशीच घेतली जाणार, पण ती जाणार क्लायंटच्या खात्यात. किती वेळाने घ्यायची, पुसट करायची का, तुम्हाला पुसू द्यायची का, हे सगळं त्याच्या सेटिंगवर. वाद झाला तर मध्ये कोणी नाही. काम मुळात अपवर्कवरून मिळालेलं असेल आणि तिथला ट्रॅकर बंद ठेवून तास हाताने भरायला सांगितलं असेल, तर पाळत राहिली आणि संरक्षण गेलं, असा उलटा हिशोब होतो. अशा वेळी दोन्ही ट्रॅकर एकदम चालवू द्या, किंवा कामाची ठरावीक रक्कम अपवर्कच्या एस्क्रोत आधी जमा करा, असं सरळ सांगावं. ज्याला खरंच काम हवंय, तो क्लायंट यावर रागावत नाही.

पैशाचा खरा घोळ होतो तो रिकाम्या वेळेच्या सेटिंगमध्ये. कीबोर्ड-माउस काही मिनिटं हलला नाही, की ट्रॅकर तुम्हाला रिकामं समजतो. पुढे काय करायचं, हे क्लायंट ठरवतो: विचारायचं, की तो वेळ मुकाट्याने कापायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमधली एक अनुवादक औषधांच्या माहितीपत्रकांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, दर तासाला ९०० रुपये. एका दिवशी ती सहा तास बसली. त्यातला सलग पाऊण तास तिने मूळ मजकूर छापून, पेन्सिलीने खुणा करत वाचला. अर्धा तास एका डॉक्टर मैत्रिणीशी फोनवर मात्रेच्या शब्दांबद्दल बोलली. उरलेली पंचवीस मिनिटं अशीच, कोश चाळण्यात, वाक्य मनात फिरवण्यात गेली. पाच मिनिटांनंतर वेळ कापण्याचं सेटिंग असेल, तर यातली जवळजवळ सगळीच वेळ उडेल. हे एक तास चाळीस मिनिटं पूर्ण कापले गेले, तर ५४०० रुपयांच्या जागी ३९०० हातात येतात. फसवणूक कोणीच केलेली नाही. ट्रॅकर हातांची हालचाल मोजतो, आणि भाषांतराचं निम्मं काम हात न हलवता होतं. संपादन, कोडमधली चूक शोधणं, डिझाइनचा कच्चा आराखडा कागदावर काढणं, या सगळ्याची तीच गत. म्हणून दर ठरवताना विचारायचा प्रश्न हा: रिकामी वेळ किती मिनिटांनी धरता, ती आपोआप कापता का, आणि वाचन-फोनचा वेळ कारण लिहून जोडता येतो का? उत्तर मेलवर घ्यावं. ‘बघू, तसं काही आम्ही फार बघत नाही’ हे उत्तर नव्हे. ते समाधानकारक नसेल, तर शब्दांवर किंवा पानांवर दर मागणं चांगलं. त्यात ट्रॅकरची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट पैशाहून नाजूक आहे. स्क्रीन तुमची असली, तरी तिच्यावर दिसणारं सगळं तुमचं नसतं. बाजूच्या मॉनिटरवर दुसऱ्या क्लायंटची फाइल उघडी असते, आणि त्याच्याशी तुम्ही गोपनीयतेचा करार केलेला असतो. कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅप वेबवर बहिणीचा निरोप येतो, एखाद्या मेलमधला ओटीपी झळकतो. अनेक ट्रॅकर सगळे मॉनिटर टिपतात. काही तर अधूनमधून चित्र न घेता सलग व्हिडिओच करतात, मग क्षणभर झळकलेलं नोटिफिकेशनही निसटत नाही. ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल केलं म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्याचा इथे फारसा उपयोग नाही, कारण टिपली जाते ती अख्खी स्क्रीन. त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय म्हणजे कॉम्प्युटरवर त्या कामापुरतं वेगळं यूजर अकाउंट: त्यात ना व्हॉट्सअ‍ॅप, ना खासगी मेल, ना इतर क्लायंटच्या फाइली.

पण यालाही एक मर्यादा आहे. ट्रॅकर दोन जातींचे असतात. एकात स्टार्ट-स्टॉपचं बटण तुमच्या हातात असतं. दुसरा मुकाट्याने मागे चालतो, कॉम्प्युटर सुरू झाला की तोही सुरू. हा मुळात कंपनीने दिलेल्या लॅपटॉपसाठी आहे. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तो बसवायला कोणी सांगितलं, तर माझ्या मते सरळ नाही म्हणावं, किंवा लॅपटॉप पाठवा म्हणावं. असा ट्रॅकर अ‍ॅडमिनच्या परवानगीने बसवला, तर तो सर्व अकाउंटमध्ये चालू शकतो, मग वेगळ्या अकाउंटचा आडोसा उरत नाही. आपल्याला कोणता दिलाय, हे ओळखण्यासाठी बटण दाबून ट्रॅकर बंद करा आणि विंडोजचं टास्क मॅनेजर उघडून पाहा: त्याचं काही मागे चालू आहे का, स्टार्टअपच्या यादीत नाव आहे का. मॅकवर ट्रॅकरला स्क्रीन टिपायला तुमची परवानगी मागावीच लागते. ती सेटिंग्जमध्ये Privacy & Security खाली Screen & System Audio Recording या नावाने दिसते (जुन्या आवृत्तीत नुसतं Screen Recording). तिथेच Input Monitoring खालीही नाव दिसलं, तर कीबोर्डवरचं त्याला काय हवंय, ते विचारायला हवं. किती कळा दाबल्या हे मोजणं वेगळं आणि कोणत्या दाबल्या ते साठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुमचे पासवर्डही जाऊ शकतात.

सगळं कागदावर ठीक वाटलं, तरी खरं काम सुरू करण्याआधी अर्धा तास ट्रॅकर चालवून पाहावा. एक फालतू फाइल उघडावी, थोडं टाइप करावं, दहा मिनिटं हात बांधून बसावं, दुसऱ्या मॉनिटरवर मुद्दाम एखादं चित्र ठेवावं. मग आपल्या खात्यात काय दिसतं ते बघावं आणि क्लायंटला त्याच्या बाजूचं पान स्क्रीनशॉट काढून पाठवायला सांगावं. दोन्ही पानांवर बरेचदा फरक असतो: तुम्हाला फक्त तास दिसतात, त्याला चित्रं, उघडलेल्या वेबसाइटची यादी, हालचालीची टक्केवारी, सगळं दिसतं. याच मेलमध्ये काम संपल्यावर चित्रं किती दिवस ठेवणार आणि कोण कोण बघू शकतं, हेही विचारून घ्यावं. कंत्राट संपलं, की आधी तासांचा अहवाल डाउनलोड करावा, कारण क्लायंटने तुम्हाला टीममधून काढलं की ते पान उघडत नाही आणि शेवटच्या बिलाला पुरावा उरत नाही. मगच अ‍ॅप काढावं, आणि मॅक असेल तर परवानग्यांच्या यादीतूनही त्याचं नाव पुसावं.