पूल भरलेला, तरी धोका अर्ध्यावर

पुलावर गाड्यांची पूर्ण रांग लागली की गर्डरवर सगळ्यात जास्त ताण येत असणार, असं कुणालाही वाटेल. वाकण्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण तुळईला उभं कापू पाहणाऱ्या बलाचं, म्हणजे शिअरचं गणित वेगळं आहे.

दोन्ही टोकांना नुसती टेकवलेली १२ मीटरची तुळई घेऊ. डाव्या टेकूपासून ४ मीटरवरचा एक छेद आपल्याला तपासायचा आहे. आता १ टनाचं वजन डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचं आणि प्रत्येक जागी, त्या एकाच छेदावर शिअर किती येतं ते मांडायचं. वजन छेदाच्या डावीकडे असताना शिअर उणे असतं. ते शून्यापासून वाढत छेदाशी उणे एक तृतीयांश होतं. वजनाने छेद ओलांडला की ते एकदम अधिक दोन तृतीयांशावर उडी मारतं आणि उजव्या टेकूपर्यंत उतरत पुन्हा शून्य होतं. हीच प्रभाव रेषा. उडी बरोबर १ ची आणि दोन्ही तिरक्या रेषा समांतर हव्यात. तसं नसेल तर आकडेमोड चुकली आहे.

विद्यार्थी हिची नेहमीच्या शिअरच्या आलेखाशी गल्लत करतात. तिथे वजन जागेवर असतं आणि छेद बदलतो. इथे छेद ठरलेला असतो आणि वजन फिरतं.

आता मीटरला ३ टन असा वाहतुकीचा भार घ्या. त्याचं शिअर म्हणजे भार गुणिले रेषेखालचं क्षेत्रफळ. पूर्ण तुळई भरली तर ६ टन येतं. फक्त उजवीकडचे ८ मीटर भरले तर ८ टन! डावीकडच्या गाड्या २ टन कमी करत होत्या, म्हणजे मदतच करत होत्या.

ट्रकची तऱ्हा आणखी गमतीची. पुढचा आस ६ टन, मागचा १२ टन, अंतर ३ मीटर. ट्रक उजवीकडे जात असेल तर मागचा आस छेद ओलांडताक्षणी त्याचे ८ आणि पुढच्याचे अडीच, असं १०.५ टन शिअर येतं. तोच ट्रक उलट दिशेने आला तर पुढचा आस छेदाशी पोचतानाचे ९ टन हा कळस. मागचा आस तिथे येईतो पुढचा पलीकडे उणे बाजूला गेलेला असतो. म्हणून वाहन दोन्ही दिशांनी फिरवून पाहावं लागतं.

तुळईचं स्वतःचं वजन मात्र असं हलवता येत नाही, ते सगळीकडे धरावंच लागतं. सगळ्यात फसवी जागा मधोमध, ६ मीटरवर. तिथे पूर्ण भाराने शिअर शून्य येतं, पण नुसती एक बाजू भरली की साडेचार टन, आणि दुसरी भरली की तेवढंच उलट्या दिशेने. पूर्ण भाराचाच आलेख पाहून मध्यावरच्या रिंगा विरळ करणाऱ्याला हे साडेचार टन कागदावर कुठेच दिसत नाहीत.