अकराव्या दिवसाच्या तेरा ऑर्डरी

समजा, एका छोट्या पुस्तकविक्रेत्याने समाजमाध्यमावर जाहिरात लावली आहे. रोजचा खर्च तोच, चित्र तेच, मजकूरही तोच. दहा दिवसांत ऑर्डरी आल्या त्या अशा: १८, २३, २०, १६, २२, २५, १९, १७, २१, १९. सरासरी वीस. अकराव्या दिवशी मात्र तेराच आल्या. पस्तीस टक्के घट! त्याने घाईने चित्र बदलले, दुसऱ्या दिवशी एकवीस ऑर्डरी आल्या आणि ‘नवे चित्र लागू पडले’ अशी त्याची खात्री झाली. चित्र तेच ठेवले असते तरी बहुधा तेवढ्याच आल्या असत्या.

या भ्रमावरचा उपाय जाहिरातीच्या जगातला नाही, कारखान्यातला आहे. बेल टेलिफोनच्या वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ साली एका पानाच्या टिपणात नियंत्रण आलेख मांडला. चढउतार दोन जातींचे असतात, हे त्यामागचे सूत्र. एक व्यवस्थेतच मुरलेला, रोजचा. दुसरा बाहेरून आलेल्या विशिष्ट कारणाचा. शोध घ्यायचा तो दुसऱ्याचाच.

आपल्या दहा आकड्यांत लागोपाठच्या दोन दिवसांतले फरक काढले तर ५, ३, ४, ६, ३, ६, २, ४, २ असे येतात. त्यांची सरासरी सुमारे ३.९. तिला १.१२८ या ठरलेल्या अंकाने भागले की प्रमाण विचलनाचा अंदाज मिळतो: साधारण साडेतीन. सरासरीच्या वर-खाली अशी तीन विचलने घेतली, की सुमारे दहा ते तीस असा पट्टा तयार होतो. तेरा त्याच्या आतच आहे. (खरे तर पट्टा आखायला वीसेक दिवस तरी हवेत, दहा घेतले ते हिशेब सोपा राहावा म्हणून.)

सगळ्या आकड्यांचे विचलन थेट का काढू नये? कारण मधेच कुठे खरा बदल झाला असेल, तर तो त्या विचलनात मिसळतो, पट्टा फुगतो आणि नेमका तो बदलच झाकला जातो. शेजारच्या दिवसांतल्या फरकांवर त्याचा परिणाम फार थोडा होतो.

आता पुढच्या महिन्यातले आठ दिवस पाहा: १७, १६, १८, १५, १९, १४, १७, १६. एकही आकडा पट्ट्याबाहेर नाही, एकही तेराइतका भेदरवणारा नाही. पण आठही सरासरीच्या खाली आहेत. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा काटाच पडण्याची शक्यता २५६ त एक. विक्रेत्याने चौकशी करायची ती इथे: पहिल्या दिवशी काय बदलले? टपालखर्च वाढवला? मोबाइलवर पैसे भरण्याचे पान अडते आहे?

आलेख फसतो तो रविवारी. आठवड्याची लय ठळक असेल तर रविवारची तुलना रविवारशीच करावी. आणि कालचा आकडा आज कधीच टिंबात मांडू नये: जाहिरात पाहून दोन दिवसांनी आलेली ऑर्डर अनेकदा मागच्या तारखेला जमा होते, त्यामुळे शेवटचे टिंब नेहमीच थोडे खाली दिसते.