पाया, भिंत आणि ठिपका : रझा आणि मुंबईचे सहा चित्रकार

मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी मंडला नावाचे गाव आहे. तिथल्या कब्रस्तानात बाप-लेकाच्या दोन कब्री शेजारी शेजारी आहेत. बापाचे नाव सय्यद मोहम्मद रझी. ते जंगल खात्यात नोकरीला होते आणि 1948 साली वारले. मुलाचे नाव सय्यद हैदर रझा. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून ते 2010 साली भारतात परतले आणि 23 जुलै 2016 रोजी दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. अब्बांच्या शेजारी दफन व्हावे ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली.

रझांच्या चित्रांना कोट्यवधी रुपयांची बोली लागते, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. ते चित्र म्हणजे बहुधा एक मोठा काळा गोल आणि भोवती त्रिकोण-चौकोन. घरातली मंडळी ते पाहतात आणि विचारतात, "यात आहे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला 1947 च्या मुंबईत जावे लागते.

सहा जण, सहा वाटा

त्या वर्षी मुंबईत सहा तरुणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. पुढाकार गोव्याच्या ख्रिस्ती घरातल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा. मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मलेले सुलेमानी बोहरा, तेव्हा सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून आणि लाकडी खेळण्यांचे नमुने काढून पोट भरत होते. कृष्णाजी आरा लहानपणीच आईबाप गमावलेले, मोटारी धुऊन आणि घरकाम करून मोठे झालेले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. हरी गाडे विदर्भातले, सदानंद बाकरे शिल्पकार. आणि सहावे रझा.

रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकून 1943 मध्ये मुंबईला आले. सर जे. जे. स्कूलमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती, पण पोहोचायला उशीर झाला आणि ती हातची गेली. मग ते छपाईचे ठोकळे तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरीला लागले. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात चित्रे, असे दिवस काढत त्यांनी पुढे जे. जे. मधले शिक्षणही पुरे केले.

या सहा जणांचे भांडण कशाशी होते? जे. जे. मध्ये तेव्हा मुख्य भर इंग्रजी पद्धतीवर होता. वस्तू डोळ्यांना दिसते तशी हुबेहूब काढायची. एका बाजूने उजेड येतो, दुसऱ्या बाजूला सावली पडते. जवळचे मोठे, लांबचे लहान. दुसरीकडे बंगालच्या चित्रकारांनी जुन्या कथांची, धूसर रंगांची 'भारतीय' शैली रुजवली होती. पहिली वाट साहेबाची नक्कल आणि दुसरी भूतकाळाची आळवणी, असे या तरुणांना वाटत होते. त्यांना तिसरी वाट हवी होती.

ती दाखवायला मदत केली परक्या माणसांनी. वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नाचे चित्रकार टाइम्स ऑफ इंडियात कला-संचालक होते. रुडी फॉन लायडन हे जर्मन गृहस्थ त्याच वर्तमानपत्रात चित्रसमीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांचे कारखानदार होते आणि चित्रे विकत घेत. हिटलरच्या राजवटीने या लोकांना घर सोडायला लावले होते. त्यांच्या दिवाणखान्यांत या मुलांनी सेझान, व्हॅन गॉग, मातीस यांच्या चित्रांच्या छापील प्रती पाहिल्या, त्यांवर तासन् तास चर्चा ऐकली. युरोपची नवी चित्रकला मुंबईत आली ती अशी, निर्वासितांच्या सामानातून.

घर रिकामे झाले तेव्हा

याच काळात देशाची फाळणी झाली. रझांची अम्मी 1947 मध्ये गेली, अब्बा पुढच्या वर्षी. भाऊ-बहीण पाकिस्तानात गेले, पत्नी फातिमाही गेली. रझा इथेच राहिले. लहानपणी त्यांनी मंडल्यात गांधीजींना पाहिले होते. देश सोडणे म्हणजे त्या माणसाशी बेइमानी होईल असे आपल्याला वाटले, असे त्यांनी उतारवयात अनेकदा सांगितले. पुढे अनेक दशके फ्रान्समध्ये राहूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही.

1948 मध्ये ते काश्मीरला गेले. टोळीवाल्यांच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेले बारामुल्ला त्यांनी रंगवले, श्रीनगरची घरे रंगवली. तिथेच त्यांची गाठ प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. त्यांनी चित्रे पाहिली, रंगांचे कौतुक केले आणि एक दोष स्पष्टपणे दाखवला. चित्र हे इमारतीसारखे असते, त्याला पाया, भिंती, तुळया लागतात; तुमच्या चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असा त्या बोलण्याचा आशय होता.

रझांनी हे मनावर घेतले. ते फ्रेंच शिकले आणि फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1950 मध्ये पॅरिसला गेले.

बांधणी म्हणजे काय?

समजा, टेकडीवरचे एक गाव रंगवायचे आहे. जे. जे. ची पद्धत सांगेल, आधी उजेडाची दिशा ठरव, मग प्रत्येक घराची उजळ आणि काळोखी बाजू दाखव. सेझान सांगतो, सावलीच्या मागे लागू नकोस. प्रत्येक घराकडे चौकोन, त्रिकोण म्हणून बघ. एका रंगाशेजारी दुसरा असा ठेव की दोघे एकमेकांना पेलतील. घर पुढे आले की मागे गेले, हे सावली सांगणार नाही, रंग सांगेल. ऊबदार तांबडा पुढे येतो, थंड निळा मागे सरतो.

रझांनी 1951 मध्ये काढलेले 'ओ द कान्य' हे चित्र पाहा. दक्षिण फ्रान्समधल्या एका डोंगरी गावाचे ते दृश्य आहे. घरे एकमेकांना चिकटलेली, विटांसारखी रचलेली. माणूस नाही, झाडाची डुलती फांदी नाही, जमिनीवर सावली नाही. वर आकाशात सूर्य आहे, पण काळा. आणि रंग? अपारदर्शक जलरंगाचा एकसारखा, सपाट थर आणि आकाराभोवती नेमकी कड.

अशी रंगाची पद्धत आपण आधी कुठेतरी पाहिली आहे. मेवाडच्या किंवा बसोलीच्या जुन्या लघुचित्रांत तांबडी भिंत ही सरळ तांबडी असते, पिवळे आकाश सरळ पिवळे. त्या कारागिरांनी इंग्रजी धाटणीची सावली कधी टाकलीच नव्हती. जवळच्या-लांबच्याचे गणितही त्यांना नको होते.

इथे या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. जे. जे. मध्ये जे 'खरे चित्र' म्हणून शिकवले जाई, ते युरोपातल्या नव्या चित्रकारांनी केव्हाच बाजूला ठेवले होते. ते बाजूला ठेवून ते जिथे पोहोचले, तिथून आपले लघुचित्र जवळच होते. म्हणून सेझानचा अभ्यास करताना रझा घरापासून दूर गेले नाहीत. परक्याच्या अंगणातून त्यांना आपल्याच घराचे मागचे दार सापडले.

हुसेन यांना ते दार दिल्लीत सापडले. 1948 मध्ये सूझांबरोबर ते तिथे प्राचीन भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहायला गेले. मथुरेची शिल्पे आणि बसोलीची चित्रे पाहून त्यांच्या रेषेला आणि रंगाला दिशा मिळाली. पुढे 1955 च्या 'जमीन' या चित्रात त्यांनी खेड्यातले जगणे वेगवेगळ्या कप्प्यांत मांडले.

मिश्रण की नुसता मुलामा?

असे मिश्रण नेहमी साधते असे नाही. त्या काळात पुष्कळांनी युरोपची तोडलेली-जोडलेली आकृती घेतली आणि तिच्या डोक्यावर घागर ठेवली. झाले भारतीय चित्र! ओळखायची एक साधी परीक्षा आहे. चित्रातली घागर, बैलगाडी, पदर मनातल्या मनात पुसून टाका. उरलेले चित्र पॅरिसमधल्या कुणाचेही वाटले, तर तो मुलामा होता. रंगांच्या मांडणीतच या मातीची सवय दिसत असेल, तर मिश्रण खरे.

ग्रुपचे आयुष्य मात्र छोटे ठरले. 1949 मध्ये मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले, मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले. पुढच्या वर्षी रझा गेले, मग बाकरे. वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना असे नवे लोक जोडले गेले, तरी 1956 च्या सुमारास ग्रुप संपला.

रझांचीही परीक्षा बाकी होती. 1956 मध्ये त्यांना फ्रान्सचा समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. नाव झाले, पैसा आला. पण सत्तरीच्या दशकात त्यांना वाटू लागले की आपण एक चांगले फ्रेंच चित्रकार झालो आहोत. मग मंडल्याचा मुलगा कुठे आहे? ते वारंवार भारतात येऊ लागले, फिरू लागले. तेव्हा त्यांना शाळेतली एक गोष्ट आठवली. वर्गात लक्ष नसलेल्या छोट्या हैदरला गुरुजींनी ओसरीत नेले, भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, मी येईपर्यंत याच्याकडेच बघत राहा.

तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांतला काळा गोल झाला. ते त्याला 'बिंदू' म्हणत. 'बिंदू' या शब्दामागे भारतीय दर्शनांचा मोठा अर्थ आहे आणि रझांनी तो जाणून स्वीकारला होता. आपल्यापैकी कुणाला मकतबातला नुक्ता आठवेल. एकाच रेघेखाली एक नुक्ता दिला की 'बे', वर दोन दिले की 'ते'. एक ठिपका काय करू शकतो, हे आपल्या मुलांना पहिल्याच धड्यात कळते.

अखेरच्या काळात ही चित्रे त्याच त्या साच्यातली झाली, अशी टीका झाली आणि ती पूर्ण चुकीची नाही. तरी रझांची चांगली चित्रे पाहताना एक करून बघा. गोलावर काही क्षण नजर ठेवा आणि मग भोवतीच्या रंगांकडे या. तांबडा पुढे सरकेल, निळा मागे जाईल, कडा एकमेकींना पेलताना दिसतील. कार्तिए-ब्रेसाँ यांनी मागितलेल्या भिंती तिथे उभ्या आहेत. पाया मात्र मंडल्याच्या शाळेच्या ओसरीत घातलेला आहे.