वीस फुटांची खिडकी, पावणेसतरा फुटांची काच

घराचं काम निघालं की खिडकीच्या काचेचा हिशेब बहुतेक जण तोंडीच उरकतात. खिडकी पाच बाय चार, म्हणजे काच वीस चौरस फूट. वर दहा टक्के वेस्टेज धरा, बावीस झाली. हे इतकं सरळ वाटतं की कुणी टेप काढत नाही. गंमत म्हणजे काचवाल्याच्या बिलावरही कधी कधी नेमके वीसच फूट येतात आणि आपला हिशेब बरोबर होता असं घरमालकाला वाटतं. तो आकडा तिथे वेगळ्याच वाटेने आलेला असतो.

एकच खिडकी घेऊन बघू. ॲल्युमिनियमची दोन झडपांची सरकती खिडकी, चौकट बाहेरून बाहेर ६० इंच रुंद, ४८ इंच उंच. पुढचे सेक्शनचे आकडे या एका खिडकीचे आहेत. तुमच्या खिडकीचा सेक्शन वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

गैरसमज पहिला : चौकटीचं क्षेत्रफळ म्हणजे काचेचं क्षेत्रफळ

चौकटीच्या ट्रॅकमध्ये झडप बसते तेव्हा प्रत्येक बाजूला पाऊण इंच जागा ट्रॅक खातो. ६० इंचांतून दीड इंच गेला, उरले ५८.५. आता याचे दोन भाग करायचे नाहीत. खिडकी बंद केल्यावर दोन्ही झडपांच्या मधल्या पट्ट्या, म्हणजे इंटरलॉक, एकमेकींवर चढतात. या खिडकीत ही चढ दीड इंचाची आहे. म्हणून दोन झडपांची मिळून रुंदी ५८.५ अधिक १.५, म्हणजे ६० इंच, आणि एक झडप ३० इंचांची.

हा आकडा चौकटीच्या बरोबर निम्मा आला, पण तो योगायोग आहे. ट्रॅकने जेवढं खाल्लं तेवढंच इंटरलॉकने परत दिलं. ‘चौकटीच्या निम्मी झडप’ हा ठोकताळा काही कारागीर वापरतात तो अशाच सेक्शनवर चालतो, दुसऱ्या सेक्शनवर फसतो. याउलट ट्रॅक वजा करून चढ मोजायला विसरलात, तर झडप २९.२५ इंचांची होते आणि खिडकी बंद केली की मधल्या पट्ट्या शेजारी शेजारी येऊन थांबतात, एकमेकींत अडकत नाहीत. अशी चूक ओळखायला सोपी आहे : दोन्ही झडपा लावून मधोमध बघा, उभी प्रकाशाची रेघ दिसली की झडप कमी पडली.

तीस इंची झडपेत एका बाजूला हँडलची पट्टी, दुसऱ्या बाजूला इंटरलॉक, दोन्ही दीड दीड इंचाच्या. मोकळी जागा राहिली २७ इंच. पण काच पट्टीला टेकून थांबत नाही, ती खाचेत शिरते. खाच अर्धा इंच खोल, काच त्यात ३ सूत शिरते आणि १ सूत मोकळं राहतं. (८ सूत म्हणजे १ इंच.) दोन्ही बाजूंचे मिळून पाऊण इंच वाढले, म्हणून काचेची रुंदी २७.७५ इंच.

उंचीचंही तसंच. ४८ मधून वरखाली मिळून दीड इंच ट्रॅकचा गेला, झडप ४६.५. वरची पट्टी दीड इंच, खालची बेअरिंगची पट्टी सव्वादोन इंच, मोकळी जागा ४२.७५. खाचेचा पाऊण इंच मिळवला की काचेची उंची ४३.५ इंच.

एक काच २७.७५ गुणिले ४३.५, म्हणजे ८.३८ चौरस फूट. दोन काचा मिळून १६.७७, म्हणजे पावणेसतरा. वीस नव्हेत.

खाचेतलं ते एक सूत मोकळं कशाला, घट्ट बसली तर जास्त चांगलं नाही का, असंही विचारलं जातं. ॲल्युमिनियम उन्हात प्रसरण आणि थंडीत आकुंचन पावतं ते काचेच्या सुमारे अडीच पट. शिवाय झडप कापताना कोपरा थोडा तिरका जातोच. काचेला चहूबाजूंनी रबर लागावा, धातू नव्हे. घट्ट ठोकलेली काच काही महिन्यांनी कडेपासून तडकते आणि दोष काचेच्या कंपनीला दिला जातो.

गैरसमज दुसरा : चौकटीतून सोळा-सतरा टक्के वजा केले की काच मिळते

वरच्या खिडकीत सुमारे सोळा टक्के कमी झाले, म्हणून हा आकडा पाठ करणारेही भेटतात. पण सेक्शन टक्क्यांनी खात नाही, इंचांनी खातो. आपण केलेली सगळी वजाबाकी एका ओळीत आणली तर या सेक्शनसाठी हिशेब इतकाच उरतो :

काचेची रुंदी = चौकटीची रुंदी ÷ २ − २.२५
काचेची उंची = चौकटीची उंची − ४.५

हेच दोन फूट बाय दोन फुटांच्या छोट्या सरकत्या खिडकीला लावा. काच ९.७५ बाय १९.५ इंच, दोन मिळून २.६४ चौरस फूट. चौकट चार फुटांची. म्हणजे तब्बल एक तृतीयांश काच कमी. खिडकी जितकी लहान, तितका सेक्शनचा वाटा मोठा. पूर्ण घराच्या खिडक्यांची बेरीज करून एकच टक्का वजा करणारा हिशेब म्हणूनच कुठल्याच खिडकीला लागू पडत नाही.

गैरसमज तिसरा : वेस्टेज दहा टक्के असतं

खरी मेख इथे आहे, आणि पैसेही इथेच जातात.

समजा, घरात अशा पाच खिडक्या आहेत, म्हणजे दहा काचा. बाजारातली ७२ बाय ९६ इंची शीट घेऊ. ती ४८ चौरस फुटांची. दहा काचा ८३.८ चौरस फूट, त्यावर दहा टक्के धरले की ९२.२. दोन शीट ९६ फुटांच्या, म्हणजे दोन पुरतील. कागदावर झालं.

आता शीट टेबलावर घ्या. बहुतेक जण सगळ्या काचा एकाच दिशेने मांडतात. ९६ इंचांत ४३.५ दोनदा बसतं, ७२ इंचांत २७.७५ दोनदा. एका शीटमधून चार काचा निघाल्या आणि ३० टक्के काच बाजूला राहिली. दहा काचांना तिसरी शीट फोडावी लागते.

मांडणी बदला. आधी शीट लांबीच्या बाजूने अशी कापा की ४३.५ इंच रुंद आणि ९६ इंच लांब पट्टा मिळेल. त्यातून तीन काचा उभ्या निघतात आणि पावणेतेरा इंचांचा तुकडा उरतो. दुसरा पट्टा राहिला २८.५ इंच रुंद. त्यात काचा आडव्या घाला : लांबीत दोन बसतात, रुंदीत पाऊण इंच जास्त आहे तो काढून टाका. तीन आणि दोन, पाच काचा. दोन शीटमध्ये दहाच्या दहा. वेस्टेज १२.७ टक्के.

तीच काच, तीच शीट. पण पहिल्या मांडणीत तीन शीट लागतात, दुसरीत दोन. दहा टक्क्यांच्या आकड्याला यातलं काहीच माहीत नसतं.

दुसरी मांडणी सुचत नाही याचं एक कारण काच कापायच्या पद्धतीत आहे. करवतीने लाकूड कापताना पात्याच्या जाडीएवढा भुसा होतो, तसं काचेचं होत नाही. कटरचं चाक फक्त ओरखडा काढतं आणि मग काच त्या रेघेवर मोडतात, त्यामुळे कापण्यात काच जात नाही. पण रेघ एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत गेलीच पाहिजे. मध्येच थांबून काटकोनात वळता येत नाही. कागदावर सुंदर जुळलेली मांडणी त्यामुळे टेबलावर कापताच येत नाही असंही होतं. आपल्या मांडणीत पहिली रेघ पूर्ण ९६ इंच जाते, पुढच्या सगळ्या आपापल्या पट्ट्यात कडेपासून कडेपर्यंत जातात, म्हणून ती जमते.

पण ती किती काठावर जमते हेही बघा. चौकट ६० ऐवजी ६२ इंच असती तर काच २८.७५ रुंद झाली असती. ४३.५ आणि २८.७५ मिळून ७२.२५. पाव इंचाने गाडी चुकली! मग कशीही फिरवा, शीटमधून चारच काचा निघतात. क्षेत्रफळाच्या भागाकारात मात्र अजूनही साडेपाच काचा दिसत राहतात.

काच रेघांची किंवा नक्षीची असेल तरी ही युक्ती गेली. पाचांतल्या दोन काचांवर रेघा आडव्या येतील. तिथे तीन शीट मुकाट्याने घ्याव्यात.

उरलेले तुकडे वाया गेले असंही लगेच समजू नये. पावणेतेरा इंची तुकड्यातून १८ बाय ६ इंचांच्या चार लूव्हर पट्ट्या निघतात, नऊ इंची तुकड्यातून आणखी एक. कडा घासून घेतल्या की माळ्याच्या झरोक्याचं काम झालं, आणि वेस्टेज पाच टक्क्यांच्या आत येतं. अट एवढीच की झरोक्याची मापं काच कापायच्या आधी काचवाल्याच्या हातात असली पाहिजेत. नंतर सांगितलंत तर तो तुकडा त्याच्या दुकानात जमा झालेला असतो.

आणि बिलावरचे ते वीस फूट?

अनेक दुकानांत बिल करताना काचेची मापं पुढच्या ३ किंवा ६ इंचांच्या पटीत धरतात. आपली २७.७५ बाय ४३.५ ची काच तीनच्या पटीत ३० बाय ४५ होते, दोन काचांचे १८.७५ फूट. सहाच्या पटीत ३० बाय ४८, दोन काचांचे बरोबर वीस. चौकटीशी त्याचा संबंध नाही.

यात लबाडी नाही, वेस्टेज वसूल करायची ती जुनी रीत आहे. लबाडी होते ती मापं वाढवून धरल्यावर खाली पुन्हा ‘वेस्टेज १०%’ लावलं की. त्या ओळीवर बोट ठेवा. फॅब्रिकेटरने काचेसकट अख्ख्या खिडकीचा दर चौकटीच्या फुटावर दिला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वीस फूटच बरोबर आहेत, पण काच वेगळी लावता येणार नाही.

खिडकीचं माप अजून भिंतीत बसलेलं नसेल तर उलटा हिशेब करून बघा. चौकट ५८.५ बाय ४६.५ इंच ठेवली तर काच नेमकी २७ बाय ४२ येते. दोन्हीही तीनच्या पटीतले आकडे. बिल १८.७५ वरून १५.७५ फुटांवर आलं, काच प्रत्यक्षात एकच फूट कमी झाली.

टफन काच मागवायची असेल तर हे सगळे आकडे अंदाजापुरतेच ठेवा. झडपा जुळवून झाल्यावर प्रत्येक झडपेत टेप घालून, वर-मध्ये-खाली अशी तीन ठिकाणी मापं घ्या आणि सर्वांत लहान मापावरून काच सांगा. साधी काच सूतभर मोठी आली तर कापता येते. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही. रेघ मारून मोडायला गेलात तर सगळ्या काचेचे दाणे होतात.