जुने भाव, बदललेले शेअर

२०२२ साली टाटा स्टीलच्या शेअरमध्ये दीड महिन्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. १५ जूनला शेअर ५१ रुपयांच्या लाभांशाविना व्यवहारात आला. २८ जुलैला त्याचे विभाजन झाले आणि १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपया दर्शनी मूल्याचे दहा शेअर झाले. आदल्या दिवशी साडेनऊशेच्या आसपास असलेला भाव विभाजनाच्या दिवशी शंभरीच्या घरात दिसू लागला. भागधारकाचे त्यात काहीच गेले नव्हते, त्याच्या डिमॅट खात्यात दसपट शेअर जमा झाले होते. पण बाजाराच्या दप्तरातले रोजचे भाव जसेच्या तसे उतरवून घेतले, तर त्या रकान्यात एका दिवसात सुमारे नव्वद टक्क्यांची घसरण दिसते.

खरेदी-विक्रीचा एखादा नियम जुन्या भावांवर तपासून पाहताना ही घसरण घातक ठरते. ‘भाव पन्नास दिवसांच्या सरासरीवर गेला की घ्यायचे, खाली आला की विकायचे’ हा नेहमीचा नियम घ्या. २८ जुलैला भाव शंभरीत असतो, पण सरासरीत अजून नऊशे-साडेनऊशेचे जुने भाव असतात. त्यामुळे संगणक पहिल्याच दिवशी विक्री नोंदवतो आणि नव्वद टक्के तोटा मांडतो. पुढचे जवळपास पन्नास व्यवहार-दिवस भाव सरासरीखालीच राहतो, म्हणून शेअर प्रत्यक्षात वाढत असला तरी नियम खरेदी करू देत नाही. इतका मोठा खड्डा निदान डोळ्यांना दिसतो. ५१ रुपयांच्या लाभांशाचा पाच टक्क्यांचा खड्डा मात्र रोजच्या चढउतारात मिसळून जातो, आणि म्हणून तो जास्त फसवतो.

उपाय असा, की घटनेच्या आधीच्या सगळ्या भावांना एका गुणकाने गुणायचे. विभाजनाचा गुणक सरळ मिळतो: एकाचे दहा झाले तर ०.१, एकाचे पाच झाले तर ०.२. बोनसमध्ये थोडी काळजी लागते. आपल्याकडे १:१ बोनस म्हणजे हातातल्या एका शेअरवर आणखी एक. एकाचे दोन झाल्यामुळे गुणक अर्धा येतो. इन्फोसिसने २००४ साली ३:१ बोनस दिला. इथे एकाचे चार झाले, म्हणून गुणक पाव आहे. प्रमाणातला ३ पाहून एक-तृतीयांश धरला, तर २००४ पूर्वीचा प्रत्येक भाव तेहतीस टक्क्यांनी फुगतो आणि बोनसच्या दिवशी पंचवीस टक्क्यांची खोटी घसरण शिल्लक राहते. त्यानंतर २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ या चारही वर्षी इन्फोसिसने १:१ बोनस दिला. म्हणजे २००४ च्या बोनसआधीचा एक शेअर आज चौसष्ट शेअरांइतका आहे, आणि त्या काळच्या भावाला चौसष्टने भागल्याशिवाय तो आजच्या भावाशेजारी ठेवता येत नाही. गुणक एकमेकांना गुणत मागे जातात, त्यामुळे एका घटनेतली चूक तिच्या आधीच्या साऱ्या वर्षांना लागते.

लाभांशाचा गुणक भावावर अवलंबून असतो. लाभांशाला आदल्या दिवशीच्या बंद भावाने भागायचे आणि ते उत्तर एकातून वजा करायचे. टाटा स्टीलच्या उदाहरणात गणित सोपे राहावे म्हणून १४ जूनचा बंद भाव ९७० रुपये धरू. ५१ भागिले ९७० म्हणजे ०.०५२६, एकातून वजा जाता ०.९४७४. हा गुणक १४ जून आणि त्याआधीच्या भावांना लागतो. १५ जूनला तो लावायचा नाही, कारण त्या दिवशीचा भाव मुळातच लाभांश वगळून ठरलेला असतो. एका दिवसाची ही चूक वरचेवर होते आणि ती ओळखताही येते: घटनेच्या जागी खड्डा तसाच राहतो आणि दुसऱ्याच दिवशी तेवढाच उलटा उंचवटा उभा राहतो.

आता दोन्ही घटना एकत्र बसवू. २८ जुलै आणि पुढच्या भावांना काही लावायचे नाही. १५ जून ते २७ जुलै या काळातले भाव ०.१ ने गुणायचे. १४ जून आणि त्याआधीचे भाव ०.१ आणि ०.९४७४ या दोन्हींच्या गुणाकाराने, म्हणजे ०.०९४७४ ने गुणायचे. असे केल्यावर १४ जूनचे ९७० रुपये ९१.९० होतात. लाभांशापुरतीच घट होऊन १५ जूनला शेअर ९१९ वर आला असे समजले, तर तोही ९१.९० वर येतो. दोन दिवसांमध्ये फरक उरत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण भागधारकाकडे ९१९ चा शेअर आणि ५१ रुपये रोख मिळून ९७० कायम होते.

याच ठिकाणी एक चूक इतक्या सहज घडते की तिच्यासाठी थांबायला हवे. भाव पुरवणाऱ्या अनेक सेवा विभाजन आणि बोनस धरून जुळवलेले भाव देतात. त्यांच्याकडे १४ जूनचा भाव ९७० नसून ९७ दिसतो. लाभांशाची यादी मात्र कंपनीच्या घोषणांवरून घेतली, तर तिथे ५१ रुपयेच लिहिलेले असतात. ५१ ला ९७ ने भागले की गुणक ०.९४७४ ऐवजी ०.४७४ येतो. १४ जूनचा भाव मग ४६ रुपये होतो आणि १५ जूनला तो एकदम ९१.९० वर जातो. तेजीत चढणारे शेअर शोधणाऱ्या नियमाला इथे एका दिवसात दुप्पट होणारा शेअर सापडतो, आणि त्याआधीची सारी वर्षेही निम्म्या भावाने दिसतात. लाभांश आणि भाव एकाच पायावर हवेत: ९७० शी ५१, किंवा ९७ शी ५.१०. याहूस संकेतस्थळाच्या तक्त्यात `Close` या रकान्यात विभाजन आणि बोनस धरलेले असतात आणि `Adj Close` मध्ये त्यांच्यासोबत लाभांशही असतो. यांपैकी कोणता रकाना हाती आहे हे न पाहता त्यावर पुन्हा गुणक लावला, तर घसरणीऐवजी दसपट उडी तयार होते.

भागाकाराच्या वाटेने न जाता जुन्या भावांतून लाभांशाची रक्कम सरळ वजा का करू नये, असे वाटू शकते. मॅजेस्को या कंपनीने आपला अमेरिकेतला व्यवसाय विकल्यावर डिसेंबर २०२० मध्ये शेअरमागे ९७४ रुपये लाभांश दिला आणि लाभांशाविना शेअरचा भाव दहा-बारा रुपयांच्या आसपास आला. काही महिन्यांपूर्वी हा शेअर ९७४ च्या कितीतरी खाली मिळत होता. त्या भावांतून ९७४ वजा केले तर उत्तरे शून्याखाली जातात. गुणकाने भाव फार लहान होतात, पण टक्केवारीतला परतावा बरोबर राहतो. नियम तपासायला तोच लागतो.

भावासोबत उलाढालही जुळवावी लागते. विभाजनाआधी एक लाख शेअर हातबदल झाले असतील, तर आजच्या मापाने ते दहा लाख. भाव दहाने भागला की संख्या दहाने गुणायची. तसे केले नाही, तर विभाजनानंतर लोकांचा रस अचानक दसपट वाढला असा भास होतो. लाभांशासाठी मात्र संख्येला हात लावायचा नाही, कारण शेअर तेवढेच राहतात.

जुळवलेल्या भावांनाही मर्यादा आहे, आणि ती न ओळखल्याने अनेक चांगल्या चाचण्या बिघडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये टाटा स्टील दीड हजाराच्या आसपास होता. जुळवल्यावर तोच भाव दीडशेच्याही खाली दिसतो. ‘दोनशे रुपयांच्या आतले शेअर घ्यायचे’ असा नियम तपासला, तर २०२१ मध्येच तो टाटा स्टील निवडतो. त्या दिवशी बाजारात असा भाव नव्हता, तो पुढच्या वर्षीच्या विभाजनातून आलेला आहे. टक्केवारी, सरासरी आणि परतावा यांना जुळवलेला भाव चालतो. रुपयांतली मर्यादा असलेल्या प्रत्येक नियमाला त्या दिवशीचा खरा भावच द्यायला हवा. खरेदीच्या भावाखाली ठरावीक रुपयांवर लावलेल्या तोटारोधक विक्रीचेही तसेच आहे. १५ जूनला भाव खरोखर पाच टक्के खाली उघडून ती विक्री लागू शकते, आणि जुळवलेल्या रकान्यात त्याचा मागमूस राहत नाही.

शिवाय हे आकडे स्थिर नसतात. टाटा स्टीलने २०२३, २०२४ आणि २०२५ साली शेअरमागे ३.६० रुपये लाभांश दिला आणि प्रत्येक वेळी मागचे सगळे जुळवलेले भाव पुन्हा थोडे खाली सरकले. दोन वर्षांपूर्वी साठवलेल्या तक्त्याला आजची नवी पाने जोडली, तर जोडावर एक लहान उडी तयार होते. म्हणून मूळ भाव एका तक्त्यात आणि घटनांची तारीखवार यादी दुसऱ्यात ठेवणे आणि गुणक दर वेळी नव्याने काढणे हीच खात्रीची पद्धत आहे. तयार जुळवलेले भाव सोयीचे असतात, पण त्यांतली चूक उलगडायला मूळ आकडे लागतातच.

लाभांश धरायचा की नाही, हे तुलना कशाशी करायची आहे यावर ठरते. लाभांशासह काढलेला परतावा साध्या निफ्टीशेजारी ठेवला तर नियम उगाच हुशार दिसतो. त्याची बरोबरी लाभांश धरणाऱ्या एकूण परतावा निर्देशांकाशी करावी लागते. म्युच्युअल फंडांना सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून हीच तुलना बंधनकारक केली. गुणकाची पद्धत असे गृहीत धरते, की लाभांश त्याच दिवशी मिळाला आणि पूर्णच्या पूर्ण त्याच शेअरमध्ये परत गुंतला. प्रत्यक्षात रक्कम काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी खात्यात येते आणि १ एप्रिल २०२० पासून तिच्यावर गुंतवणूकदाराच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. लाभांश जास्त देणारे शेअर निवडणाऱ्या नियमात हा फरक वेगळा वजा करावा लागतो.

जुळवणी झाल्यावर तपासणीसाठी वीस टक्क्यांहून अधिक चढ-उतार दाखवणाऱ्या सगळ्या दिवसांची यादी काढावी. आपल्या बाजारात बहुतेक शेअरना एका दिवसात जास्तीत जास्त वीस टक्क्यांची मर्यादा असते, फ्युचर्स-ऑप्शन्समधले शेअर वगळता. त्यामुळे या यादीत फार थोडे दिवस उरायला हवेत. पन्नास, पंचाहत्तर, ऐंशी किंवा नव्वद टक्क्यांची घट दिसली, तर एखादे विभाजन किंवा बोनस सुटलेला असतो. दुप्पट, चौपट, दसपट उडी दिसली, तर तीच घटना दोनदा धरलेली असते. तेवढ्यावर न बसणारे आकडे उरतील, तर कंपनीच्या विलगीकरणाकडे पाहावे. २० जुलै २०२३ ला रिलायन्सपासून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा २८४१.८५ वर बंद झालेल्या शेअरचा नवा भाव खास सत्रात २५८० ठरला. सुमारे नऊ टक्क्यांचा तो फरक बोनसच्या किंवा लाभांशाच्या यादीत सापडत नाही, आणि वीस टक्क्यांच्या चाळणीतूनही निसटतो. तो कंपनीच्या घोषणा वाचूनच यादीत भरावा लागतो.