कुंडलिकेच्या पाण्यात फोन कोरडा ठेवायचा तर

कोलाडच्या कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते ते भिरा धरणातून सोडलेल्या पाण्यावर. तिथे राफ्टवर येणारी लाट अंगावर आदळते, आणि नेमका हाच मार पाऊचच्या पाकिटावर छापलेल्या IPX8 या खुणेत मोजलेला नसतो. ही चाचणी स्थिर पाण्यात, कंपनीने ठरवलेल्या खोलीवर आणि वेळेपुरती होते. त्यामुळे खूण पाहावी, पण विश्वास स्वतःच्या बादलीवर ठेवावा.

पाऊचमध्ये फोनऐवजी टिश्यू पेपर आणि दोन-चार नाणी घालून ते अर्धा तास पाण्याखाली दाबून ठेवावे. बाहेरून नीट पुसून मगच उघडावे. टिश्यूचा एखादा कोपरा जरी ओलसर लागला, तरी ते पाऊच बाद. बहुतेक वेळा दोष क्लिपजवळच्या घडीत किंवा तिथे अडकलेल्या वाळूच्या कणात असतो, म्हणून प्रत्येक सहलीआधी ही चाचणी पुन्हा करावी. फोन ठेवताना आत थोडी हवा राहू द्यावी. हातातून निसटलाच तर पाऊच तरंगण्याची शक्यता वाढते.

ड्राय बॅगचे सारे काही तिच्या तोंडावर अवलंबून असते. बॅग गच्च भरली की तोंड गुंडाळायला कापडच उरत नाही. दोन्ही कडा जुळवून, सुरकुती न पडू देता किमान तीन घड्या घालाव्यात आणि मगच बकल लावावे. तरीही अशी बॅग शिंतोडे आणि क्षणभराची बुडी एवढ्यासाठीच असते. म्हणून फोन आधी पाऊचमध्ये, मग बॅगेत. राफ्टवर पाऊच गळ्यात लटकवू नये; राफ्ट उलटल्यास दोरी अडकून गळ्याला फास बसू शकतो.