ज्येष्ठांसाठी सौम्य योगाभ्यासाची अ‍ॅप

ज्येष्ठांसाठी सौम्य योगाभ्यासाची अ‍ॅप म्हणजे भ्रमणध्वनी, टॅब किंवा दूरचित्रवाणी संचावर चालणारी आणि चित्रफीत, सूचना व वेळमापक यांच्या आधारे आसने व ताणाचे व्यायाम करवून घेणारी प्रणाली होय. निवृत्त व्यक्ती शिक्षकाविना घरी अभ्यास करण्यासाठी ती वापरतात. ही अ‍ॅप आसन दाखवतात; परंतु बहुतेक अ‍ॅप अभ्यासकाला पाहू शकत नाहीत. त्यामुळे आसनांची निवड, गती आणि दुरुस्ती ही शिक्षकाची कामे अभ्यासकाला स्वतःच करावी लागतात.

स्वरूप

या अ‍ॅपचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात ठरावीक लांबीच्या चित्रफिती असतात. जागतिक आरोग्य संघटना आणि भारताचे आयुष मंत्रालय यांच्या सहकार्यातून तयार झालेले ‘एम-योग’ हे अ‍ॅप या प्रकारचे आहे. आंतरराष्ट्रीय योग दिनी, २१ जून २०२१ रोजी, त्याची घोषणा झाली. ते १२ ते ६५ वर्षे वयोगटासाठी असल्याचे सांगितले गेले होते. दुसऱ्या प्रकारात वापरकर्ता कालावधी, पातळी व गती निवडतो आणि अ‍ॅप त्यानुसार आसनांचा क्रम जुळवते. ‘डाउन डॉग’ हे त्याचे परिचित उदाहरण होय.

अ‍ॅपवरील ‘प्रारंभिक’ हा शब्द अनेकांची दिशाभूल करतो. तो आसनाची ओळख नसलेल्या व्यक्तीसाठी असतो. वयस्कर सांध्यांसाठी असेलच असे नाही. तिशीतील नवशिक्या आणि सत्तरीतील नवशिक्या यांना अ‍ॅप एकाच पातळीवर ठेवू शकते. म्हणून ‘प्रारंभिक’ याऐवजी ‘खुर्चीवरील योग’, ‘ज्येष्ठांसाठी’ किंवा ‘सौम्य’ असा विभाग असल्यास तो निवडणे अधिक योग्य ठरते.

अ‍ॅपच्या मर्यादा

वर्गातील शिक्षक विद्यार्थ्याचा रोखलेला श्वास ऐकतो, थरथरणारा गुडघा पाहतो आणि आसन सोडायला सांगतो. अ‍ॅप मात्र ठरलेल्या सेकंदाला पुढच्या आसनाकडे वळते. काही अ‍ॅप कॅमेऱ्याने सांध्यांची स्थिती ताडतात. तथापि एकाच बाजूने टिपलेल्या प्रतिमेत सर्व हालचाली दिसत नाहीत. साडी किंवा सैल पायजम्यामुळे गुडघ्याचा कोनही झाकला जातो.

पडद्याकडे पाहण्यातही अडचण असते. पुढे वाकलेल्या स्थितीत पडद्यासाठी मान उचलली, तर मानेवर अनावश्यक ताण येतो. हे टाळण्यासाठी संपूर्ण चित्रफीत प्रथम खुर्चीत बसून, काहीही न करता पाहावी. कोणती आसने वगळायची आणि कोणती बदलायची हे कागदावर लिहावे. दुसऱ्या वेळी पडद्याकडे न पाहता केवळ सूचना ऐकून अभ्यास करता येतो. अनेक अ‍ॅप सलग दिवसांची मोजणी दाखवतात. ही साखळी तुटू नये म्हणून ताप किंवा चक्कर असतानाही अभ्यास करण्याचा मोह होतो. ती सूचना सेटिंगमधून बंद करणे हितावह असते.

आसनांची निवड

निवड करताना आधीचे आजार लक्षात घ्यावे लागतात. अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार, असल्यास पाठ गोल करून पुढे वाकल्याने मणक्यांच्या पुढील भागावर दाब येतो आणि मणका दबून मोडण्याचा धोका वाढतो. काचबिंदूत डोके खाली जाणारी आसने डोळ्यातील दाब वाढवतात. अशा व्यक्तींनी अधोमुख श्वानासनही टाळणे इष्ट असते. अशा आजारांत अभ्यासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

आसनांत साधनांचा वापर करण्याची पद्धत पुण्यातील योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी विशेष विकसित केली. खुर्ची, पट्टा, वीट आणि भिंत यांच्या आधाराने आसनाचा उद्देश टिकवून शरीरावरील भार कमी करता येतो. अ‍ॅपमध्ये हे बदल दाखवलेले नसले, तरी अभ्यासक ते करू शकतो. खुर्ची चाके नसलेली, हातांशिवायची आणि भिंतीला टेकवलेली असावी. पायात मोजे नसावेत. गुळगुळीत फरशीवर ते घसरतात.

एक नमुना

रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या व गुडघेदुखी असलेल्या ६८ वर्षांच्या व्यक्तीने २० मिनिटांचे ‘प्रारंभिक’ सत्र निवडले आहे, असे समजू. त्यात ताडासन, उत्तानासन, अधोमुख श्वानासन, वज्रासन, भुजंगासन आणि शवासन आहे. येथे खरी अडचण एखाद्या आसनापेक्षा त्यांच्यातील संक्रमणांत आहे. डोके वारंवार खाली-वर होते, गुडघ्यांवर बसावे लागते आणि जमिनीवरून उठावे लागते.

हेच सत्र पुढीलप्रमाणे बदलता येते. पहिली ३ मिनिटे खुर्चीत बसून श्वास मोजावा आणि घोटे, मनगटे व खांदे फिरवावेत. पुढील ६ मिनिटे बसूनच पाठ हळूहळू आत व बाहेर करावी आणि दोन्ही बाजूंना थोडे वळावे. (अस्थिसुषिरता असल्यास पाठ गोल करण्याची हालचाल व पिळाची आसने वगळावीत.) त्यानंतर ५ मिनिटे उभे राहावे. उत्तानासन व श्वानासन यांच्याऐवजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, कंबरेतून पाठ सरळ राखत थोडेसे पुढे झुकावे. मग पोटऱ्यांचा ताण घ्यावा. वज्रासन वगळावे. भुजंगासनाऐवजी खुर्चीत छाती उघडावी. हे बसून केलेल्या भागातच सामावते. ४ मिनिटांचे शवासन पलंगावर करावे, कारण तेथून उठणे सोपे असते. उरलेली २ मिनिटे उठण्यासाठी राखून ठेवावीत.

ताण धरण्याची वेळही बदलावी लागते. वृद्धांच्या स्नायूंसाठी प्रत्येक ताण ३० ते ६० सेकंद धरणे अधिक उपयुक्त मानले जाते. अ‍ॅप १५ सेकंदांतच पुढे गेल्यास विरामाची कळ दाबावी किंवा तोच ताण पुन्हा घ्यावा.

थांबण्याच्या खुणा

उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरला, तर त्याला स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. रक्तदाबाच्या औषधांमुळे हा प्रकार घडू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची नेहमीची खूण होय. म्हणून शवासनानंतर आधी कुशीवर वळावे, मग पलंगाच्या कडेला बसून १ मिनिट थांबावे आणि आधार धरूनच उभे राहावे. अंधारी वारंवार येत असल्यास डॉक्टरांना कळवावे. औषध स्वतःहून बंद करू नये.

अभ्यास चालू असताना श्वासाची कसोटी उपयोगी पडते. संपूर्ण वाक्य सहज बोलता येत नसेल किंवा श्वास रोखला जात असेल, तर आसन कठीण झाले आहे असे समजावे. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारी ओढ स्वाभाविक असते. सांध्यात टोचणारी वेदना किंवा हातापायात पसरणाऱ्या मुंग्या स्वाभाविक नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजलेला किंवा आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखरा असेल, तर ते आसन यादीतून काढावे. छातीत दुखणे, असामान्य धाप, तोल जाणे किंवा एका बाजूची अशक्तता जाणवल्यास अभ्यास त्याच क्षणी थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. एकटे राहणाऱ्या व्यक्तीने भ्रमणध्वनी समोर दूर ठेवण्याऐवजी हाताशी ठेवावा, कारण पडल्यावर तोच मदतीचे साधन असतो.